अनुवाद तपासताना: मूळ शेजारी ठेवावं की झाकावं?

दवाखान्याच्या सूचनापत्रकाचा अनुवाद तपासायला घेतलेल्या मैत्रिणीनं विचारलं, वेळ एकाच वाचनाचा आहे, तर इंग्रजी समोर ठेवू की नको?

शब्दक्रमासाठी इंग्रजी झाकलेलंच बरं. ‘डॉक्टर, ज्यांनी तुमच्या आईवर उपचार केले, ते उद्या येतील’ हे वाक्य मूळ शेजारी असलं की खटकत नाही, कारण डोळा इंग्रजीच्याच चालीनं चालतो. नुसतं मराठी मोठ्यानं वाचा, जीभ ‘ज्यांनी’पाशी अडखळते. मग ‘तुमच्या आईवर ज्या डॉक्टरांनी उपचार केले, ते उद्या येतील’ हे आपसूक सुचतं.

आदरार्थाचंही तसंच. वर ‘तुम्ही’ आणि खाली ‘गोळी घे’, किंवा ‘तुमच्या आई आल्या की तिला सांगा’ ही सरमिसळ कानाला लगेच कळते. मात्र ‘ते उद्या येतील’मधले डॉक्टर बाई असतील तर ‘त्या’ हवं. ते कधी मुळातल्या सर्वनामावरून कळतं, कधी दवाखान्यालाच विचारावं लागतं.

अर्थछटेत मात्र कान फसतो. मुळात होतं, ‘यू नीड नॉट स्टॉप द मेडिसिन’. अनुवाद होता, ‘औषध थांबवू नका’. मराठी अगदी स्वच्छ, म्हणून मोठ्यानं वाचूनही कुणाला शंका आली नसती. पण मूळ म्हणतं, ‘औषध थांबवण्याची गरज नाही’. सवलतीची मनाई झाली! हे ओळीला ओळ लावल्यावरच दिसतं. त्याला वेळ जास्त लागतो.

म्हणून औषधं, करार, सरकारी अर्ज असतील तर मूळ शेजारीच ठेवा. निमंत्रण, जाहिरात, गोष्ट असेल तर झाका आणि मोठ्यानं वाचा. मैत्रिणीला मी मूळ शेजारीच ठेवायला सांगितलं.