भावपत्रकाच्या चार शीट: अकरा महिने वापरल्यानंतर

मी लहान बांधकामं घेतो, एका वेळी एक किंवा दोन. पूर्वी कोटेशन देताना चौरस मीटरचा ठोक दर लावायचो आणि त्यावर थोडं वरखाली करायचो. गेले अकरा महिने मात्र प्रत्येक कोटेशन चार शीटमध्ये बसवतो: परिमाणं, रेट अॅनालिसिस, वरकड खर्च आणि नफा. या काळात नऊ कोटेशनं दिली. त्यातली तीन कामं मिळाली आणि दोन पूर्ण झाली. त्यामुळे कागदावर धरलेलं आणि साइटवर झालेलं आता शेजारी ठेवून बघता येतं. शीट कुठे उपयोगी पडली आणि कुठे तोकडी पडली, ते लिहितो.

उदाहरणाला पहिल्या कामातलं वीटकाम घेऊ. तळमजल्याची इमारत, 190 × 90 × 90 मिलिमीटरची वीट, भिंतीची जाडी 0.2 मीटर. भिंतींची एकूण लांबी 62 मीटर आणि उंची 3 मीटर, म्हणजे 37.2 घनमीटर. यातून पाच दारं, सहा खिडक्या आणि त्यांवरची लिंटेलं वजा केली की 32.4 उरतात. उघडी जागा वजा करायला सगळेच लक्षात ठेवतात. लिंटेल मात्र काँक्रीटच्या आयटममध्ये एकदा मोजलेलं असतं आणि वीटकामातून काढायचं राहून जातं, म्हणून शीटमध्ये त्याला वेगळी ओळ ठेवली आहे.

एका घनमीटरला या मापाच्या 500 विटा लागतात. विटांनी व्यापलेली जागा सोडली तर उरतो 0.23 घनमीटर मसाला. माझी जुनी चूक इथेच व्हायची. हा 0.23 ओल्या, बसलेल्या मसाल्याचा आकडा आहे. कोरडी वाळू आणि सिमेंट पाणी घालून कालवलं की आकारमान घटतं, कारण सिमेंट वाळूच्या पोकळीत शिरतं. म्हणून कोरडा माल साधारण 1.33 पट धरावा लागतो, म्हणजे 0.306. एकास सहा प्रमाणात त्याचा सातवा भाग सिमेंट, वजनाने सुमारे 63 किलो. 32.4 घनमीटरला 50 किलोच्या 41 गोण्या होतात. गुणिले 1.33 विसरलो असतो तर 31 गोण्या आल्या असत्या, आणि त्या दहा गोण्या माझ्या खिशातून गेल्या असत्या. विटांना पाच टक्के तूट धरून 17,010 विटा धरल्या. प्रत्यक्षात तूट तेवढीच निघाली, कारण दारं-खिडक्यांच्या कडेला अर्ध्या विटा कापाव्या लागतात आणि ट्रक रिकामा करताना काही फुटतातच.

सामानाचा हिशेब तसा पक्का बसतो. खरी गडबड मजुरीत असते, आणि शीट वापरून मला सर्वांत मोठा धडा तिथेच मिळाला. मी गृहीत धरलं होतं की एक गवंडी आणि एक बिगारी दिवसाला 1.25 घनमीटर भिंत उचलतील, म्हणजे 26 दिवस. हजेरीचं मस्टर आणि झालेलं काम जुळवून पाहिलं तेव्हा सरासरी 0.9 निघाली, म्हणजे 36 दिवस. गवंडी कामचुकार नव्हते. खालच्या भागात काम झपाट्याने झालं. पण छातीएवढ्या उंचीच्या वर परांची बांधावी लागली, वीट आणि मसाला हातोहात वर पोचवावा लागला, ओळंबा पुनःपुन्हा बघावा लागला. त्यात दोन दिवस पावसात गेले आणि वाळूची गाडी न आल्याने दीड दिवस हजेरी भरूनही हात रिकामे राहिले. तेव्हापासून मी उत्पादकतेचा आकडा माझ्या मस्टरमधूनच घेतो. लिंटेलच्या खालचं आणि वरचं वीटकाम वेगळं नोंदवायला मुकादमाला सांगितलं आहे. पाच-सहा कामांनंतर हा आकडा भरवशाचा होईल. आत्ता हाताशी दोनच कामांची नोंद आहे.

आता वरकड खर्च. मी त्याचे दोन भाग करतो, कारण दोघांची चाल वेगळी आहे. साइटचा खर्च महिन्यावर चालतो: मुकादमाचा पगार, रखवालदार, मिक्सरचं भाडं, पाणी, तात्पुरती वीज. काम लांबलं की तो वाढतो. कार्यालयाचा खर्च वर्षावर चालतो आणि वर्षाच्या एकूण बिलांवर वाटून घ्यावा लागतो. रकमा बाजूला ठेवू आणि सामान, मजुरी, यंत्रं मिळून थेट खर्च 100 धरू. चार महिन्यांच्या कामात साइटचा खर्च महिन्याला 2 प्रमाणे 8. एकूण 108. कार्यालयाचे 6 टक्के आणि नफ्याचे 10 टक्के, दोन्ही अंतिम बिलावरचे.

मी आधी 108 ला 1.16 ने गुणायचो आणि 125.28 द्यायचो. पण टक्के खर्चावर नाहीत, बिलावर आहेत. 125.28 मधून कार्यालयाचे 6 टक्के म्हणजे 7.52 आणि खर्चाचे 108 काढले की 9.76 उरतात, म्हणजे 7.8 टक्के. दहा टक्के मिळतात असं समजून मी कित्येक वर्षं काम केलं, याचं आजही वाईट वाटतं. योग्य सूत्र भागाकाराचं आहे:

```
=(B2+B3)/(1-B4-B5)
```

B2 मध्ये थेट खर्च, B3 मध्ये साइटचा, B4 मध्ये 0.06 आणि B5 मध्ये 0.10. उत्तर 128.57.

हे समोर असलं की घासाघीस करताना डोकं शांत राहतं. मालकाने पाच टक्के सूट मागितली तर तो पाच टक्के नफा मागत नाही, अर्धा नफा मागतो, कारण खर्च जिथल्या तिथे राहतो. दुसऱ्या कामाला मी सूट दिली नाही. बाहेरच्या भिंतीचा गिलावा वगळून किंमत कमी केली आणि मालकालाही ते पटलं.

तोकडं कुठे पडतं? वरकड खर्च मी प्रत्येक आयटमच्या दरात सारखा मिसळतो. तिसऱ्या कामात मालकाने कुंपणाची भिंत रद्द केली. ती गेली तेव्हा तिच्या दरात दडलेला मुकादमाच्या पगाराचा वाटाही गेला, मुकादम मात्र तितकेच महिने साइटवर राहणार आहे. आता शक्य असेल तिथे साइटचा खर्च "मासिक व्यवस्था" असा वेगळा आयटम ठेवतो आणि मुदत लिहून देतो. काही मालक तो आयटम मान्य करत नाहीत. मग परिमाण ठराविक टक्क्यांहून जास्त घटलं तर दर नव्याने ठरेल, अशी अट घालतो.

दुसरी त्रुटी पैशाच्या वेळेची आहे. शीटमध्ये नफा दिसतो, पण तो कोणत्या महिन्यात हाती येईल ते दिसत नाही. बिलातून राखून ठेवलेली रक्कम काम संपल्यावर बऱ्याच दिवसांनी मिळते, आणि वीटवाल्याचे पैसे त्याच आठवड्यात द्यावे लागतात. म्हणून गेल्या महिन्यापासून पाचवी शीट सुरू केली आहे. तिच्यात आठवड्यागणिक येणारे आणि जाणारे पैसे लिहितो. सध्याच्या कामात सातव्या आठवड्यात खड्डा दिसतोय, म्हणून पहिलं बिल स्लॅबपर्यंत न थांबवता लिंटेलला काढायचं मालकाशी ठरवून घेतलं आहे.