खोडव्यानंतर निडवा राखावा की वावर मोडावं?

शहादा, चोपडा, यावल पट्ट्यात उसाचा खोडवा सगळेच राखतात, त्याबद्दल वाद नाही. प्रश्न पडतो खोडवा तुटल्यावर. निडवा राखायचा, म्हणजे त्याच बुडख्यांवर तिसरं पीक घ्यायचं, की रोटाव्हेटर घालून नवी सुरू लागण करायची? मी दोन्ही करून पाहिलंय. माझा कल एका बाजूला आहे, पण आधी हिशेब मांडतो.

आकडे माझ्या वावराचे, एका एकराचे आणि ढोबळ आहेत. तुमचे वेगळे असतील. नांगरट, बेणं, खतं, पाणी, मजुरी धरून लागणीला ८०,००० खर्च येतो. खोडव्याला आणि निडव्याला प्रत्येकी ४०,०००. उतारा लागणीचा ४५ टन, खोडव्याचा ३८, निडव्याचा ३०. तोड-वाहतूक कापून हातात टनाला २,५०० रुपये पडतात असं धरलंय. खर्च वर्षाच्या सुरुवातीला, बिल वर्षाच्या शेवटी आणि पैशाचं व्याज १२ टक्के.

निडव्याचा मोह कुठून होतो ते आधी बघू. ४०,००० घातले, ७५,००० आले, म्हणजे ३५,००० उरले. लागणीच्या वर्षात मात्र ८०,००० घालून उरतात साडेबत्तीसच. मग वावर मोडायचं कशाला? पण लागण एकटी मोजायची नसते, तिच्या मागून ३८ टनांचा खोडवा येतो. निडवा राखला की तो खोडवा एक वर्ष पुढे ढकलला जातो.

म्हणून सगळी रक्कम आजच्या मोलात आणली. लागण आणि खोडवा या दोन वर्षांचे साधारण ६०,५०० होतात. निडवा धरून तीन वर्षांचे ८२,०००. आकडा मोठा दिसतो, पण तो तीन वर्षांचा आहे. व्याज धरूनच दर वर्षाला वाटला तर दोन वर्षांच्या फेऱ्यात वर्षाला सुमारे ३५,८०० पडतात आणि तीन वर्षांच्या फेऱ्यात ३४,१००. फरक फार नाही. निडवा ३२ टनांच्या वर गेला तर तोच सरस ठरतो. व्याज जितकं महाग, तितका निडवा जवळ येतो, कारण लागणीचे ८०,००० एकदम उभे करावे लागतात. हातउसन्यावर किंवा सावकारी पैशावर शेती चालत असेल तर निडव्याला नावं ठेवू नयेत.

कागदावर एवढंच. माझा निर्णय झाला तो तोडीवरून.

टोळीला मजुरी टनावर मिळते. जाड, उभा ऊस दिसला की मुकादम स्वतःहून कोयते लावतो. निडव्याचं तसं नाही. दरवर्षी कोंब बुडख्याच्या वरच्या डोळ्यांतून फुटत गेले की मुळं उथळ राहतात, कांड्या बारीक पडतात, वारा आला की ऊस लोळतो आणि सरीत जागोजाग नांग्या दिसतात. असा फड बघून मुकादम ‘पुढच्या आठवड्यात बघू दादा’ म्हणतो. तो आठवडा सरकत सरकत एप्रिलवर जातो, वर खुशालीही मागतात. खानदेशातला एप्रिल काही सांगायला नको. विहीर खाली गेलेली, पाणी तोडलेलं, ऊस वाळतोय, वजन घटतंय.

तीन महिने उशीर आणि तीन टनांची घट धरून तोच हिशेब केला तर वर्षाला २९,३०० च उरले. वजन घटलं नाही, नुसता उशीर झाला, तरी ३१,३०० च. यात आणखी एक गोष्ट धरलेलीच नाही. एप्रिलमध्ये फड मोकळा झाला की सुरूची वेळ टळलेली असते, वावर पूर्वहंगामी लागणीपर्यंत ऑक्टोबरची वाट बघतं. जाड खोडवा मात्र जानेवारीत तुटतो आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत नवं बेणं पडतं. ही घाई जमत नसेल तर माझा हिशेबही तितका खरा राहत नाही.

ठिबक आहे, बुडखे जमिनीलगत छाटून घेता, पाचट न जाळता सरीत कुजवता, नांग्या वेळेवर भरता आणि तोडीची खात्री आहे, तर निडवा राखायला हरकत नसावी. मी मात्र हल्ली खोडव्यावरच थांबतो.

ठरवण्याआधी एक पाहणी करा. चार फुटी सरीत, तुटायच्या आधी खोडव्याचे दहा फुटांतले ऊस मोजा, पाच-सहा ठिकाणी. सरासरी २७-२८ ऊस आणि एकेकाचं वजन १.१ किलोच्या आसपास, म्हणजे एकराला ३३ टनांच्या आसपास. खोडव्यालाच हा आकडा येत असेल तर निडवा त्याखालीच जाणार. पस्तिसाच्या वर ऊस भरत असतील तर मुकादमाला आधी विचारा, मग ठरवा.