डिझेल गाडी, चौदा महिने: सायलेन्सर नको, डिपस्टिक बघा

गाडी चांगली आहे. ॲव्हरेज, ओढ, सीट, सगळं तुम्हाला माहीतच आहे, त्यावर वेळ घालवत नाही. लिहायला बसलो ते एका पिवळ्या दिव्यामुळे. अकरा हजार किलोमीटरवर बेळगावात तिसऱ्या रेल्वे गेटजवळ तो लागला. सर्व्हिस सेंटरात सांगितलं, "फिल्टर चोकअप, बदलावा लागेल." आकडा लाखाच्या वर. वॉरंटीत बसत नाही म्हणे, कारण "वापर चुकीचा".

माझा वापर म्हणजे टिळकवाडीतून खडेबाजारात दुकानापर्यंत, जाऊन-येऊन आठ किलोमीटर. यात चुकीचं काय, म्हणून मी भांडलो. आणि भांडायचं तर नीट माहिती हवी म्हणून खोलात गेलो.

साध्या पेट्रोल इंजिनात पेट्रोल आणि हवा आधी एकत्र मिसळतात, मग ठिणगी पडते. डिझेलमध्ये नुसती हवा दाबून तापवतात आणि त्यात डिझेलचा फवारा मारतात. फवाऱ्याच्या मधल्या भागाला ऑक्सिजन पोचायच्या आत तो तापतो, अर्धवट जळतो आणि त्याची काजळी होते. त्याच फवाऱ्याच्या कडेला ऑक्सिजन भरपूर असतो. तिथं ज्योत 2000 अंशांच्या वर जाते आणि हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळून नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. ते पेट्रोल इंजिनातही होतात, पण त्याच्या धुरात जादा ऑक्सिजन उरत नाही, त्यामुळे धूर साफ करणारा कन्व्हर्टर त्यांचं पुन्हा नायट्रोजन करून टाकतो. डिझेलच्या धुरात ऑक्सिजन उरतोच, म्हणून तोच कन्व्हर्टर इथं त्यांच्यापुढे लंगडा पडतो. ज्योत थंड करावी म्हणून थोडा धूर परत इंजिनात सोडतात, तर काजळी वाढते. एक दाबलं की दुसरं वर येतं. म्हणून काजळीसाठी वेगळा फिल्टर.

हा फिल्टर म्हणजे सिरॅमिकचं पोळं. त्याची एक नळी पुढून बंद, शेजारची मागून बंद. धुराला भिंतीतूनच पलीकडे जावं लागतं आणि काजळी भिंतीवर अडकते. हायवेवर गाडी तापली की ती हळूहळू आपोआप जळते. नाही जळली, तर पुढचा-मागचा दाब मोजणारा सेन्सर फिल्टर भरल्याचं सांगतो. मग गाडी सिलिंडरात उशिरा थोडं जादा डिझेल सोडते, ते पुढच्या कॅटॅलिस्टमध्ये जळतं आणि फिल्टर सुमारे 600 अंशांपर्यंत तापतो. याला दहा-पंधरा मिनिटं सलग चालवणं लागतं. माझा प्रवास संपायचा बारा मिनिटांत, त्यातली निम्मी इंजिन गरम होण्यात जायची.

खुणा मला आधीपासून दिसत होत्या, फक्त कळत नव्हत्या. आयडलिंग आठशेवरून हजारावर जायचं. दुकानासमोर गाडी बंद केली तरी फॅन घोंघावत राहायचा, जळका वास यायचा. मी दर वेळी चावी काढून निघून जायचो, म्हणजे काम अर्ध्यावर तोडायचो. पुढच्या खेपेला गाडी पुन्हा जादा डिझेल सोडायची. ते सगळं जळत नाही, थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढली तर ऑइल वरच्या खुणेच्याही बोटभर वर! हाताला पाण्यासारखं पातळ, नाकाला डिझेलचा वास. ऑइल कमी झालेलं आपण सगळे तपासतो, वाढलेलं कोण बघतो? फिल्टरपेक्षा मला हीच भीती मोठी वाटते, कारण पातळ ऑइलवर बेअरिंग जातात आणि टर्बोही जातो.

एका गॅरेजवाल्याने सुचवलं, "काढून टाकूया ओ, आतून पोकळ करतो, दिवाही लागणार नाही." कबूल करतो, दोन दिवस माझा विचार होता. मग सायलेन्सरच्या तोंडात पांढरं फडकं फिरवलं. अकरा हजार किलोमीटरनंतरही जवळजवळ कोरं! वडिलांच्या जुन्या टेम्पोत हेच केलं तर कोपरापर्यंत काळं व्हायचं. ती काजळी आमच्या गल्लीत पोरांच्या नाकाच्या उंचीवर सुटायची. फिल्टर काढणं बेकायदाही आहे. माझं मत तिथं फिरलं.

सर्व्हिस सेंटरला एवढंच विचारलं, "काजळी आहे की राख?" ऑइलमधल्या ॲडिटिव्हची राख जळत नाही, ती साठते, पण तिनं फिल्टर भरायला सहसा लाखभर किलोमीटर जातात. अकरा हजारावर काजळीच असणार, आणि काजळी जळते. शेवटी त्यांनी स्कॅनर लावून उभ्या गाडीत अर्ध्या तासात फिल्टर जाळून साफ केला. दाब उतरला, दिवा गेला. ऑइल बदललं, कमी राखेचं, पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच. लाखाचं काम काही हजारांत झालं.

आता दुकानाला स्कूटर. दर दुसऱ्या रविवारी गाडी संकेश्वरपर्यंत नेतो, टॉप गिअर घाईनं न टाकता, इंजिन दोन हजारांच्या वर ठेवून. काल परत आल्यावर डिपस्टिक पुसून बघितली. ऑइल दोन खुणांच्या मध्ये होतं. शहरातल्या शहरात फिरणाऱ्याने पेट्रोलच घ्यावी. रोज निपाणी किंवा कोल्हापूर करणाऱ्याला मात्र हीच गाडी सांगेन.