एका कामावर दोघांचा दावा: एकाकडे सोपवावे की विभागून द्यावे?

एकाच कामावर संघातील दोघे हक्क सांगू लागले की प्रकल्प व्यवस्थापकापुढे खरे पर्याय दोनच असतात: काम पूर्णपणे एकाकडे सोपवणे किंवा त्याचे दोन भाग करणे. ‘दोघे मिळून करा’ असे सांगणे सोपे असले, तरी त्याने वाद केवळ पुढे ढकलला जातो. कोणत्या कामात कोणाची काय भूमिका, हे दाखवणाऱ्या रॅसी तक्त्यात प्रत्येक कामासाठी उत्तरदायी व्यक्ती एकच ठेवतात, ती याचसाठी.

समजा, जुन्या प्रणालीतील ग्राहकांच्या नोंदी 10 दिवसांत नव्या प्रणालीत हलवायच्या आहेत. डेटाबेस सांभाळणारी सहकारी म्हणते की जुन्या नोंदींतील खाचखळगे तिलाच ठाऊक आहेत; नवी प्रणाली लिहिणारा सहकारी म्हणतो की नोंदी ज्या रचनेत बसवायच्या, ती त्याची आहे. दोघांचेही म्हणणे खरे आहे, म्हणूनच हा वाद चिवट ठरतो.

विभागणी केल्यास नोंदी काढून स्वच्छ करणे तिच्याकडे आणि त्या नव्या प्रणालीत भरणे त्याच्याकडे जाईल. यात दोघांचे ज्ञान वापरले जाते आणि मानही राहतो. मात्र मधल्या फाइलचे रकाने, तारीख लिहिण्याची पद्धत आणि कोणता रकाना रिकामा चालेल, हे पहिल्याच दिवशी लेखी ठरवावे लागते. जन्मतारीख नसलेली नोंद नव्या प्रणालीने नाकारली, तर दोष सफाईचा की भरणीचा, याचे उत्तर आधी लिहिलेले नसेल, तर तोच वाद आठव्या दिवशी पुन्हा उभा राहतो. अडचण नोंदवलेले एकच तिकीट दोघांमध्ये वारंवार फिरू लागले, की विभागणी चुकीच्या जागी झाली असे समजावे.

एकाकडे सोपवल्यास असे निर्णय लवकर लागतात, पण दुसरा अंग काढून घेण्याची किंवा गुपचूप स्वतःची समांतर स्क्रिप्ट लिहिण्याची शक्यता असते. ‘त्याचा सल्ला घ्या’ एवढे मोघम सांगून ती टळत नाही. कोणता जुना रकाना कोणत्या नव्या रकान्यात जाणार, या तक्त्याला त्याची मंजुरी आवश्यक ठेवावी आणि एका दिवसात उत्तर न आल्यास काम पुढे न्यावे, हेही लिहून ठेवावे.

निवड करताना मी एकच कसोटी लावतो: प्रत्येक भाग दुसऱ्याकडे न पाहता स्वतंत्रपणे तपासून स्वीकारता येतो का? येथे नोंद ‘स्वच्छ’ आहे की नाही, हे नव्या रचनेचे नियमच ठरवतात आणि ते अजून बदलत आहेत. त्यामुळे विभागणी टिकणार नाही. काम कोणाकडे द्यावे, हे ज्येष्ठतेवरून ठरवू नये. न सुटलेल्या प्रश्नांची यादी करावी. दुबार नोंदी, गहाळ तारखा, बंद झालेली खाती असे बहुतेक प्रश्न जुन्या माहितीचे असल्याने मी काम तिच्याकडे देईन. नव्या रचनेचे नियम आधीच गोठवलेले असते, तर मात्र मी निःशंकपणे विभागणी केली असती.