कोकम सरबतातलं बेंझोइक आम्ल: 100 मिली एकदाच, की 25 मिली चारदा?

बाटलीबंद कोकम सरबत टिकावं म्हणून बरेचदा त्यात सोडियम बेंझोएट घालतात. ते मोजण्याआधी सरबतातून बाहेर काढावं लागतं. त्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल घालून त्याचं बेंझोइक आम्ल करायचं, म्हणजे ते क्लोरोफॉर्ममध्ये उतरतं. आता हाताशी 100 मिली क्लोरोफॉर्म असेल, तर ते सेपरेटिंग फनेलमध्ये एकदम ओतावं की चार वेळा थोडं थोडं?

माझं मत चार वेळांच्या बाजूने आहे. दोन थर स्थिरावले की क्लोरोफॉर्ममधली तीव्रता पाण्यातल्या तीव्रतेच्या ठरावीक पट असते. हाच वितरण गुणांक. हिशेबाला सोपा म्हणून तो 4 धरू, आणि 100 मिली नमुन्यात 80 मिलीग्रॅम आम्ल आहे असं समजू. 100 मिली एकदम घातले तर 64 मिलीग्रॅम क्लोरोफॉर्ममध्ये जातं आणि 16 पाण्यात राहतं. 25 मिली घातले तर दोन्हीकडे 40-40 होतं. खालचा थर काढून नवे 25 मिली घातले की उरतात 20, मग 10, मग 5. ताज्या क्लोरोफॉर्ममध्ये आम्ल मुळीच नसतं, म्हणून गुणांक गाठेपर्यंत पाण्याला दर वेळी आणखी द्यावं लागतं. एकदम ओतलं तर ही देवाणघेवाण एकदाच होऊन थांबते.

मग दहा-दहा मिली दहा वेळा का नको? तेव्हाही सुमारे 2.8 मिलीग्रॅम उरतंच, आणि प्रत्येक फेरीत तोटीला, काचेला थोडं चिकटून वाया जातं. उलट गुणांक 100 असता, तर एकदाच ओतूनही जेमतेम एक टक्का मागे राहिला असता. तिथे चार फेऱ्यांचे कष्ट घेऊ नयेत.

पण फेऱ्यांपेक्षा आधी पीएच बघा. तो 2 च्या आसपास हवा. 4.2 ला निम्मं आम्ल आयनरूपात पाण्यातच अडकतं, गुणांक प्रत्यक्षात 2 वर येतो, आणि चार फेऱ्या करूनही जवळजवळ 16 मिलीग्रॅम मागे राहतं. म्हणजे चारदा करण्याचा सगळा फायदा गेला.

कोकमातल्या पेक्टिनमुळे जोरात हलवलं की मधे दुधाळ थर धरतो आणि सीमारेषा दिसत नाही. अशा वेळी फनेल सावकाश घोळवा आणि मीठ घाला. मिठाने थर सुटतात, शिवाय आम्ल पाणी सोडायला अधिक राजी होतं. फनेल उलटा धरून तोटी उघडून वाफ सोडायला विसरू नका, आणि हे सगळं धूर खेचणाऱ्या कपाटातच करा. ईथरही चालतं, पण ते 35 अंशांच्या जरा आतच उकळतं. किनाऱ्यावरच्या मे महिन्यात, पंख्याखालच्या खोलीत, मी ते टाळेन.