हेल्पलाइनची स्क्रिप्ट: पुस्तकी मराठी, बोलती मराठी की मालवणी?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात मानसिक आधाराची छोटी हेल्पलाइन उभी राहते, तेव्हा इंग्रजी स्क्रिप्टचं मराठी करायचं काम कुणाच्या तरी गळ्यात पडतं. त्या माणसापुढे तीन वाटा असतात: पुस्तकी मराठी, घरात बोलतो ती मराठी, किंवा थेट मालवणी. खरा फरक पडतो तो जीव देण्याच्या विचारांबद्दल विचारायच्या प्रश्नात, म्हणून मी तिथूनच तपासायला लागेन.

समजा, देवगडकडच्या एका बागायतदाराचा फोन आला. मोहोर गळलाय, कर्ज थकलंय. तो म्हणतो, "आता सगळा संपला." पुस्तकी स्क्रिप्ट विचारते, "आपल्या मनात स्वतःस इजा करण्याचे विचार येत आहेत काय?" तो "नाही" म्हणतो, आणि खरंच बोलतो. त्याला इजा करून घ्यायची नाही, मरायचं आहे. दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत आणि प्रश्न भलतीकडेच गेला. काही जण संकोचाने "वाईटसाईट विचार येतात का?" असं विचारतात. हे त्याहून वाईट, कारण विचार वाईट आहे हे आपणच आधी ठरवून टाकलं. मग "हो" म्हणणं म्हणजे गुन्हा कबूल केल्यासारखं होतं.

बोलत्या मराठीत असं विचारता येतं: "इतकं सोसवेनासं झालं की काही जणांच्या मनात जीव द्यायचा विचार येतो. तुमच्या मनात येतो का?" पहिल्या वाक्याने त्याचं एकटेपण थोडं कमी होतं, दुसरं आडपडदा ठेवत नाही. असं थेट विचारल्याने नसलेला विचार डोक्यात भरतो ही भीती निराधार आहे. उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं. उत्तर "हो" आलं तर पुढचे प्रश्न याच सुरात: नुसतं मेलो तर बरं असं वाटतं, की स्वतः काही करायचं मनात आहे? कसं, कधी हे ठरवलंय का? त्यासाठीचं सामान आत्ता हाताशी आहे का? असेल, तर ते घरातल्या कुणाच्या ताब्यात देता येईल, आणि आत्ता जवळ कोण येऊन बसेल, हे फोन चालू असतानाच ठरवायचं. "शांत व्हा" आणि "असं का वाटतं?" ही दोन वाक्यं मात्र स्क्रिप्टमधून काढाच. पहिला हुकूम वाटतो, दुसऱ्यात जाब विचारल्याचा सूर येतो. "मी ऐकतोय, घाई नाही" आणि "हे कधीपासून?" एवढं पुरतं.

पुस्तकी मसुदा एका ठिकाणी उजवा ठरतो. तो गोपनीयतेच्या मर्यादा चोख सांगतो, तर बोलता मसुदा आपुलकीच्या भरात "कुणालाच कळणार नाही" असं वचन देऊन बसतो. ते पाळता येणार नसतं. म्हणून आशय पुस्तकी मसुद्यातला घ्या आणि शब्द बोलते ठेवा: "वाडीतल्या कुणाला मी सांगणार नाही. तुमच्या जिवाला लगेच धोका आहे असं वाटलं, तरच मदत बोलवावी लागेल, आणि शक्यतो तुम्हाला सांगूनच." पोलिसांबद्दलही हीच सावधगिरी. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ प्रयत्न करणाऱ्याला गुन्हेगार नव्हे, तीव्र ताणाखालचा माणूस मानतं, हे सांगा. पण "पोलीस येणारच नाहीत" असं म्हणू नका, कारण रुग्णालयातून त्यांना कळवलं जाऊ शकतं.

मालवणीचा मोह मला कळतो. "माका जगूचा नाय" म्हणणाऱ्याला प्रमाण मराठीत उत्तर दिलं की सरकारी कचेरीत बसल्यासारखं वाटतं. तरी छापील मालवणी स्क्रिप्ट घेऊ नका. दापोलीचं बोलणं वेगळं, संगमेश्वरचं वेगळं, आणि ज्याची ती बोली नाही त्याने वाचून दाखवली तर नक्कल केल्यासारखी वाटते. बोली ज्याची त्याने बोलावी. बाकीच्यांनी फोन करणाऱ्याचाच शब्द उचलून परत विचारावा: "सगळा संपला म्हणालात, म्हणजे काय काय?"

तिन्ही मसुद्यांत सहसा राहून जातं ते घरातल्या गर्दीचं. एका खोलीत चारजण असताना "मन मोकळं करा" काय कामाचं? सुरुवातीलाच विचारा: "बाजूला कुणी आहे का? मी विचारतो, तुम्ही फक्त हो-नाही म्हणा." रेंज गेली तर परत फोन करायचा का, आणि दुसऱ्या कुणी उचलला तर काय सांगायचं, हेही तेव्हाच विचारून ठेवा.

तेव्हा माझं मत: बोलती मराठी, त्यात पुस्तकी मसुद्यातल्या मर्यादा. पक्की करण्याआधी ती समुपदेशक नसलेल्या माणसांना फोनवर वाचून दाखवा आणि प्रत्येक वाक्य त्यांच्या शब्दांत परत सांगायला लावा. जिथे ते अडखळतील किंवा दुसरंच सांगतील, ते वाक्य बदला. रात्री माणूस बसवणं जमत नसेल, तर शेवटी "मनोरुग्णालयात दाखवा" ऐवजी लिहा: "आम्ही नसू तेव्हा १४४१६ वर टेली मानसला फोन करा. फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं."