दिवाळी ते श्रावण: सोलापुरात शिवलेला बांधीव ब्लेझर आणि रुंद पँट

गेल्या दिवाळीच्या आधी मी सोलापुरातच एक सूट शिवून घेतला. गडद राखाडी ब्लेझर, खांद्याला पॅड, छातीला आतून सुटा शिवलेला कॅनव्हासचा थर आणि त्याच कापडाची दोन प्लेटची रुंद पँट. बघणाऱ्याला तो बायकांचाही वाटू नये आणि पुरुषांचाही, एवढीच माझी अट होती. कॉलेजात शिकवताना, लग्नाकार्यात, पुण्याच्या फेऱ्यांत तो भरपूर वापरून झालाय. कापड आणि शिलाई कशी टिकली ते खाली लिहिलंय. पण असा सूट ज्यांना शिवायचाय त्यांना शिंप्यापुढे उभं राहून नेमकं काय सांगायचं याची जास्त गरज पडेल, म्हणून आधी तेच.

शिवणाऱ्या हातांची आपल्याकडे कमी नाही. शाळांचे गणवेश सोलापुरात शिवून बाहेर जातात, आणि माझ्या मास्टरांनीही उमेदीची वर्षं गणवेशाच्या कारखान्यात ब्लेझर कापण्यात घालवली आहेत. अशा हाताला दोन पॅटर्न पाठ असतात. बॉईजचा पॅटर्न खांद्याला रुंद आणि छातीपासून खाली सरळ; गर्ल्सचा खांद्याला अरुंद, प्रिन्सेस कटचा, कंबरेत घेतलेला. ‘युनिसेक्स करा’ म्हटलं की बॉईजचाच पॅटर्न लहान साइजमध्ये निघतो. ‘पण मला नीट बसला पाहिजे’ एवढं जोडलं की गर्ल्सचा निघतो. मोबाइलवरचा फोटो दाखवून फरक पडत नाही, कारण फोटोतल्या माणसाची सीट आणि छाती शिंप्याला कळत नाही. तो फोटो बघतो, मान हलवतो आणि आपल्या सवयीचं कापतो.

माझी मापं सांगते, म्हणजे गोष्ट स्पष्ट होईल. छाती ३६, कंबर ३१, सीट ४०. छत्तीस छातीचा पुरुषी कोट सीटला माझ्यापुरता उघडलेला नसतो. तो घातला की बटण लावल्यावर मागचा चाक, म्हणजे खालची चीर, फाकतो आणि खिशांची तोंडं उघडी पडतात. ते बघून कुठलाही मास्टर म्हणणार, ‘मॅडमना जेन्ट्स बसत नाही’, आणि सीट सोडताना कंबर मात्र आत घेणार. कोट पुन्हा वाळूच्या घड्याळासारखा होतो. खरं तर सीटला जागा देणं आणि कंबर दाबणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं करायलाच हवं, दुसरं केलंच पाहिजे असं नाही.

म्हणून मी ‘लेडीज’, ‘जेन्ट्स’, ‘बॉयफ्रेंड’, ‘ओव्हरसाइज’ यांतलं काहीच न म्हणता कपडा अंगावर कुठे टेकला पाहिजे आणि कुठे अंगापासून सुटला पाहिजे एवढंच सांगितलं. टेकायची जागा फक्त खांदा. तिथून खाली कापड सुटं लोंबलं पाहिजे. तयार कोटाची छाती साडेचाळीस, कंबर साडेसदतीस, सीट साडेत्रेचाळीस, अशी मापं वहीत लिहायला लावली. तयार मापं सांगणं फार गरजेचं आहे. अंगाचं माप दिलं की त्यात किती सैल सोडायचं हे शिंपी ठरवतो, आणि तिथेच त्याचा पाठ असलेला पॅटर्न परत येतो. छाती आणि कंबर यांत तीनच इंचांचा फरक ठेवला तर अंगाची रेषा पार पुसत नाही, पण कपडा तिच्याकडे बोट दाखवत नाही. चाक मागे मधोमध एक न ठेवता दोन्ही बाजूंना ठेवायला सांगितले. त्यामुळे बसताना सीटला वाट मिळते आणि पाठ सपाट राहते.

खांदा हाडापेक्षा दोन्हीकडे अर्धाच इंच बाहेर काढला आणि पॅड पातळ ठेवला. पॅड जास्त बाहेर गेला की त्याच्या खाली बाहीवर खळगा पडतो. आरशात समोरून बघा, खळगा दिसला तर खांदा मोठा झालाय. मोठा खांदा म्हणजे रुबाबदार खांदा असं नव्हे. मुंढाही वर, काखेच्या जवळ ठेवायला सांगितला. सैल हवाय म्हटलं की शिंपी मुंढा खाली उतरवतो, आणि मग फळ्यावर लिहायला हात उचलला की अख्खा कोट वर चढतो. माझा कोट हात उचलला तरी जागेवर राहतो, आणि रोज फळ्यापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाला याची किंमत कळते.

आता छातीचा प्रश्न. छातीला उठाव आहे, त्याला कापडात जागा हवी, आणि ती जागा करण्याचा ठरलेला रस्ता म्हणजे खांद्यापासून कंबरेपर्यंत उभा प्रिन्सेस कट. त्या शिवणीनेच कोट लांबून ‘लेडीज’ म्हणून ओळखू येतो. मास्टर म्हणाले, ‘ताई, टक नाही दिला तर इथं झोळ येणार बघा.’ त्यांचं बरोबरच होतं. मी टक नको म्हटलंच नव्हतं, फक्त त्याची जागा बदला म्हटलं होतं. लॅपल जिथे उलटतो तिथे, कॉलरच्या जोडापासून छातीकडे जाणारा एक छोटा टक त्यांनी घेतला. लॅपल पडला की तो पूर्ण झाकला जातो. दुसरा टक पुरुषी कोटात असतो तसा छातीखालून खिशापर्यंत सरळ. छाती नीट बसली, शिवण दिसत नाही. हे त्यांना कोटाच्या कामातून आधीपासून येत होतं, बाईच्या कोटात ते कोणी मागितलं नव्हतं एवढंच.

ट्रायलला कोट आला तेव्हा कंबर दोन्ही बाजूंनी घेतलेली होती, साधारण पस्तिसावर. कच्ची शिलाई असल्यामुळे उसवायला वेळ लागला नाही. कॅनव्हासचा कोट करताना कच्च्या शिलाईची ट्रायल मागाच, आणि घरून टेप घेऊन जा. ‘सैल वाटतंय’, ‘टाइट वाटतंय’ यावर वाद होतो, टेपवर होत नाही.

पँटबद्दल. रुंद म्हटल्यावर दोन गोष्टी होऊ शकतात. इलॅस्टिकची पलाझो, किंवा गुडघ्यापासून फाकणारी बेलबॉटम. दोन्ही टाळायच्या तर रुंदी सीटपासूनच सुरू झाली पाहिजे आणि गुडघ्याचा घेर बॉटमपेक्षा थोडा जास्त असला पाहिजे. माझा गुडघा २५ आणि बॉटम २२, दोन्ही पूर्ण घेर. हे ‘पूर्ण घेर’ म्हणून लिहून घ्या, कारण काही जण घडीचं माप धरतात. पट्टी बेंबीच्या रेषेवर, पुढचं आसन, म्हणजे पट्टीपासून मांड्यांच्या जोडापर्यंतचं माप, बारा इंच, सीट तयार चव्वेचाळीस. प्लेटा दोन, त्यातली पुढची मोठी आणि तिच्याच रेषेत इस्त्रीची धार खालपर्यंत. ही धार रुंद पायाला सरळ ठेवते, ती नसली की तोच घेर सलवारीसारखा दिसतो. उभं राहिल्यावर प्लेटा उघडल्या तर सीट कमी पडली आहे, कंबर सोडून ते सुटत नाही. जिना चढताना मांडीवर ओढ आली तर आसन खाली गेलंय.

कापडाबाबत मी चाटी गल्लीत बराच वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला. पॉलिएस्टर-व्हिस्कोसचं सूटिंग घेतलं, वजनाला साधारण २७० जीएसएम. हलकं कापड उन्हाळ्याला बरं असं सगळे सांगतात, पण हलकं कापड पायाला चिकटतं आणि रुंद पँटची सगळी रेषा मोडते. त्यापेक्षा वजनदार कापड अंगापासून दूर लोंबतं आणि आतून वारा खेळतो. पारा ४२-४३ ला असताना मी ही पँट सुती शर्टावर घातली आहे, अरुंद पँटपेक्षा कितीतरी सुखाची. ब्लेझर मात्र एप्रिल-मेमध्ये एसी हॉल सोडून कुठेच चालला नाही, पाठीला अर्धंच अस्तर असूनही. बाह्यांना पूर्ण अस्तर ठेवा, नाहीतर शर्टाची बाही अडकते. रुंद पँटला कापड जास्त लागतं. दोन्ही मिळून मला साडेतीन मीटर लागलं. एकूण खर्च दहा हजारांच्या आतबाहेर.

आता टिकाऊपणा. छाती आणि लॅपल अजून जसेच्या तसे, कारण तिथे कॅनव्हास आहे. खिशांच्या झाकणांना फ्युजिंग, म्हणजे कापडाला आतून चिकटवलेला थर, होतं, आणि एका लाँड्रीतून ड्रायक्लीन होऊन आल्यावर त्यातल्या एकावर बारीक फुगे आलेत. नुसत्या फ्युजिंगचा कोट घेतला असता तर हेच छातीवर दिसलं असतं. शिवलेला कोट हातात आला की छातीपाशी कापड आणि अस्तर चिमटीत धरून वेगवेगळे ओढून बघा. मध्ये तिसरा थर सुटा सरकला तर कॅनव्हास आहे. पुढचं कापड पुठ्ठ्यासारखं एकसंध कडक लागलं तर फ्युजिंग. पँटला मांड्यांच्या आत गोळे आलेत, या कापडाला ते येणारच. बॉटम मागून जमिनीला घासतो, म्हणून टाचेला आतून पट्टी लावून घेतली, ती सुरुवातीलाच मागावी. मोटारसायकलवर मागे बसताना एवढा घेर सांभाळावा लागतो, आणि पावसात चिखल आधी तिथेच उडतो. प्लेटांची धार दर दोन-तीन वेळा घातल्यावर ओलं फडकं ठेवून इस्त्रीने बसवावी लागते.

माझा कोट बघून धाकट्या भावानेही त्याच मास्टरांकडे सूट टाकला. त्याचं अंग वेगळं, छाती ३८ आणि सीट ३७. तिथे सवय उलट्या बाजूने आडवी आली. खांद्याला जाड पॅड, पँटचा बॉटम चौदा. त्यानेही खांदा हाडापासून अर्धा इंच, पॅड पातळ, छाती-कंबरेत तीन इंच, बॉटम बावीस, एवढंच लिहून दिलं. सीटला जागा काढायची नव्हती, लॅपलखालचा टकही लागला नाही. दोघांचे कोट शेजारी टांगले तर कुठला कोणाचा हे फक्त लांबीवरून कळतं. मी डावी बाजू वर ठेवून बटणं लावली आहेत, त्यानेही तसंच केलं. यात शिंप्याला काही अडचण नसते, काजं पाडायच्या आधी सांगितलं की झालं.

श्रावण संपला की दुसरी पँट टाकणार आहे, याच कागदावरून. मापं मास्टरांच्या वहीत माझ्या नावाने आहेत, पण मी त्यांचा फोटोही काढून ठेवलाय. बदल एकच, पुढचं आसन पाव इंच कमी. बराच वेळ खुर्चीत बसल्यावर पट्टी बरगडीला किंचित लागते.